मदत हवी आहे: रिक्षाला मागे 6 प्लाय टाकावा का?

कल्याणला शेअर रिक्षा चालवतो, सीएनजी. मागे 3 पॅसेंजर, स्टेशनच्या वेळेला वर सामान. मागचे टायर 4.00-8, 4 प्लाय. दोन्हींच्या कडा गुळगुळीत झाल्यात, मधली नक्षी मात्र शाबूत, म्हणजे हवा कमी पडतेय हे उघड आहे. पंक्चरवाला म्हणतो, 6 प्लाय टाक. पण नुसता जाड टायर काय कामाचा, वजन तर हवाच पेलते ना? दुकानातल्या 6 प्लायवर लोड इंडेक्स 71 आहे, म्हणजे एका टायरला 345 किलो, पण तेही बाजूवर छापलेलं प्रेशर भरलं तरच. 6 प्लाय वापरणाऱ्यांनो, सकाळी टायर थंड असताना मागे किती पीएसआय भरता? रिकामी गाडी खड्ड्यात फार आदळते का? पुढे 4 प्लायच ठेवला तर चालेल?