मदत हवी आहे: कॉल विकणारा बुडाला तर माझे पैसे कोण देणार? आणि मार्जिन माझ्याकडून का?

घाईतला_गडी:
कॉल ऑप्शन घेतला होता. स्ट्राइक 1000, प्रीमियम 40, लॉट 100 चा. एका रात्रीत भाव 1150 वर गेला. आता माझा कॉल 155 ला चाललाय, म्हणून विकायला गेलो, तर ऑर्डर रिजेक्ट. कारण काय, तर 'मार्जिन अपुरे'. अरे, मी खरेदीदार आहे! खरेदीदाराला मार्जिन नसतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला वाटतं, ज्याने मला कॉल विकला त्याने हात वर केले असावेत आणि त्याची भरपाई माझ्याकडून मागताहेत. असं करता येतं का? क्लिअरिंग हाऊसची हमी असते ना? एक्सपायरी जवळ आलीय, लवकर सांगा.

नीलाक्षी:
हा सौदा एक्स्चेंजवर केलाय की कुणाशी परस्पर? परस्पर असेल तर क्लिअरिंग हाऊसचा काही संबंधच नाही. आणि खात्यात दुसरं काही उघडं आहे का?

घाईतला_गडी:
एक्स्चेंजवरच, ब्रोकरच्या ॲपवरून. बाकी विशेष काही नाही.

स्वस्तिक_७:
मार्जिनवर शेअर घेऊ नका हो. आमच्याकडे ब्रोकर पैसे पुरवतो आणि वर व्याज लावतो. मी ते प्रकरण बंदच करून टाकलं. आधी व्याजाचा दर विचारून घ्या.

नीलाक्षी:
स्वस्तिक, ते उधारीवर शेअर घ्यायचं मार्जिन. इथे कुणी कुणाला उधार दिलेलं नाही. ऑप्शन विकणाऱ्याने उद्या पळ काढू नये म्हणून आज ठेवून घेतलेली अनामत, ती ही. तिला व्याज कसलं लावणार?

शंकासुर:
धागाकर्ते, हिशोब सरळ आहे. विकणाऱ्याचं मार्जिन क्लिअरिंग हाऊसकडे पडून असतं आणि खरेदीदाराचा नफा त्यातूनच दिला जातो. म्हणजे हमी त्या मार्जिनएवढीच. भाव एका रात्रीत एवढा उडाला तर मार्जिन संपलं असणार आणि तुमचा विकणारा खड्ड्यात. तुमची शंका रास्त आहे.

सौदापत्र:
सेटलमेंटच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून बोलतो. शंकासुर, सुरुवात बरोबर, शेवट चूक.

पहिली गोष्ट, 'तुमचा विकणारा' असा कुणी उरलेलाच नसतो. सौदा जुळला की क्लिअरिंग हाऊस मध्ये शिरतं. मूळ करार मोडून त्याचे दोन होतात. एकात ते तुम्हाला विकणारं, दुसऱ्यात ते समोरच्याकडून घेणारं. त्यानंतर तुमची जोडी कुणाशीही लावलेली नसते. कुणी कॉल एक्सरसाइज केला तर शॉर्ट असलेल्यांपैकी कुणाच्या गळ्यात तो पडेल हे बहुतेक ठिकाणी चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. तुम्हाला विकणारा तोवर बाहेर पडून घरी गेलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट तर याहून साधी आहे. तुम्ही आज कॉल विकाल तेव्हा 155 कोण देणार? आज तो विकत घेणारा नवा माणूस. मूळ विकणारा त्या व्यवहारात नाहीच. तो बुडाला की तरला याने तुमची विक्रीची ऑर्डर रिजेक्ट होऊ शकत नाही.

त्यामुळे नीलाक्षींचा प्रश्न पुन्हा विचारतो. 'विशेष काही नाही' म्हणजे काय? पोझिशनच्या पानावर वजा चिन्ह असलेली एखादी ओळ आहे का?

घाईतला_गडी:
हो, 1100 चा एक कॉल विकलेला आहे, त्याच एक्सपायरीचा. 12 ला. खर्च कमी व्हावा म्हणून कुणीतरी सुचवलं होतं. पण तो वेगळा सौदा आहे. मी प्रश्न 1000 च्या कॉलबद्दल विचारतोय.

नीलाक्षी:
😀 सापडलं एकदाचं.

बिनधास्त_बाबा:
म्हणून मी नेहमी सांगतो, कॉल विकायचाच असेल तर आधी शेअर हातात हवा. शेअर ताब्यात, वर कॉल विकलेला, डोक्याला ताप नाही. हे स्प्रेड वगैरे ब्रोकरांच्या दलालीसाठी काढलेले उद्योग आहेत.

नीलाक्षी:
बाबा, त्यांच्या हातात शेअरऐवजी 1000 चा कॉल आहे. या एक्सपायरीपुरतं काम तेच होतं. शेअर घ्यायला 100 पट भांडवल लागलं असतं ते तुम्ही देणार का?

बिनधास्त_बाबा:
शंभर पट? 1000 भागिले 28 करा, पस्तीसेक पट येतात. आणि मी देणार नाही.

सौदापत्र:
बाबांचा भागाकार बरोबर आहे. :)

आता मूळ मुद्दा. तुम्ही 40 दिले, 12 मिळाले, खिशातून 28 गेले. दोन्ही कॉल सोबत असताना भाव कुठेही गेला तरी 1100 च्या कॉलवर जे देणं लागेल त्याहून जास्त 1000 च्या कॉलवर येणं असतं. क्लिअरिंग हाऊस तुमच्याकडे पाहतं तेव्हा त्याला दिसतं की हा माणूस आपल्याला बुडवू शकत नाही, आणि मार्जिन जवळपास शून्य लावतं. तुमच्या नकळत तुमचा 1000 चा कॉलच तारण होता.

तुम्ही तेच तारण विकायला निघालात. तो गेला की मागे नुसता विकलेला 1100 चा कॉल राहतो. त्याचा आजचा भाव किती?

घाईतला_गडी:
68 च्या आसपास.

सौदापत्र:
मग मोजू. मार्जिनमध्ये दोन भाग असतात. एक, हा कॉल आत्ता परत घ्यायचा तर किती लागतील, ते 68. दुसरा, पुढच्या एकदोन दिवसांत भाव वाईटात वाईट कुठे जाऊ शकतो आणि तेव्हा हे 68 किती होतील. समजा पद्धत दहा टक्के उडी धरते. म्हणजे 1265. तिथे हा कॉल साधारण 168 चा होईल, म्हणजे आणखी 100. एकूण 168, गुणिले 100 चा लॉट, 16,800. 1000 चा कॉल विकून 15,500 येतील खरे, पण बरेच ब्रोकर ऑर्डर स्वीकारण्याआधीच तपासणी करतात आणि न आलेला पैसा धरत नाहीत. म्हणून रिजेक्ट.

दहा टक्के मी सोयीसाठी घेतले. खऱ्या पद्धतीत भाव वर-खाली आणि चंचलता वाढणं-घटणं यांच्या अनेक जोड्या तपासतात आणि सगळ्यात वाईट धरतात. शिकागोच्या सीएमईने 1988 मध्ये स्पॅन आणलं तेव्हा अशा 16 शक्यता होत्या.

शंकासुर:
ठीक, त्यांचं कोडं सुटलं. पण माझा मुद्दा तसाच आहे. 1000 चा कॉल ज्याने नुसताच विकला असेल त्याचं काय? भाव 1000 असताना तुमच्या पद्धतीने त्याच्याकडून किती घेतले असतील? एका रात्रीत पंधरा टक्के उडी. मार्जिन दहा टक्क्यांपुरतं. उरलेलं कुठून येणार?

सौदापत्र:
चांगला प्रश्न. तेव्हा कॉल 40 चा. भाव 1100 झाला असता तर साधारण 110 चा. म्हणून लॉटमागे 11,000 घेतले असतील आणि त्यातले 4,000 तर त्याला मिळालेला प्रीमियमच. सकाळी तो कॉल 155 चा झाला, म्हणजे सुटायला 15,500. खड्डा 4,500 चा.

क्लिअरिंग हाऊस हे 4,500 त्या माणसाकडे मागतच नाही. ते त्याला ओळखतही नाही. त्याचं खातं ज्या क्लिअरिंग मेंबरकडे, त्याच्याकडून पैसे घेतले जातात, आणि वर नव्या भावाप्रमाणे नवं मार्जिनसुद्धा. गिऱ्हाइकाने दिले नाहीत तर मेंबर आपल्या खिशातून भरतो आणि मग गिऱ्हाइकाच्या मागे लागतो. बहुतेक खड्डे इथेच बुजतात, बाहेर कुणाला कळतही नाही.

मेंबरच बुडाला तर खरी परीक्षा. क्लिअरिंग हाऊस स्वतः कुठल्या बाजूला नसतं, जेवढे लाँग तेवढेच शॉर्ट. एक शॉर्ट गायब झाला की त्याची वही तिरकी होते. तुम्हाला द्यायचं आहे आणि घ्यायला कुणी नाही. म्हणून ते बुडालेल्याच्या पोझिशन बाजारात किंवा लिलावात दुसऱ्यांच्या माथी मारतं. त्याचा खर्च आधी बुडालेल्याच्या मार्जिनमधून, मग त्यानेच डिफॉल्ट फंडात ठेवलेल्या रकमेतून, मग साधारणपणे क्लिअरिंग हाऊसच्या स्वतःच्या भांडवलाच्या एका हिश्श्यातून, आणि तरी भागलं नाही तर बाकीच्या मेंबरांनी त्या फंडात ठेवलेल्या पैशांतून. लाँग असलेल्याच्या खात्यात यातलं काहीच दिसत नाही.

परखड:
म्हणजे शहाण्यांनी वेड्यांचं भरायचं. 2018 च्या सप्टेंबरात नॅसडॅकच्या युरोपातल्या क्लिअरिंग हाऊसमध्ये हेच झालं. नॉर्वेतला एकच वीज व्यापारी, स्वतःच मेंबर. जर्मन आणि नॉर्डिक विजेच्या भावांतल्या फरकावर भला मोठा डाव लावलेला, तो फरक एका दिवसात उलटला. मार्जिन खलास होऊन वर 11.4 कोटी युरोंचा खड्डा. क्लिअरिंग हाऊसने स्वतःचे दिले 70 लाख आणि बाकी मेंबरांच्या फंडातून उपसले 10.7 कोटी. लिलावात बोली लावायला मोजकेच लोक, म्हणून भावही पडेल तो. ही कसली हमी?

शंकासुर:
ते फ्युचर्स होते, ऑप्शन नव्हे.

परखड:
खड्डा भरायची रांग तीच ना?

सौदापत्र:
रांग तीच. आणि त्या दिवशी समोरच्या बाजूला जे होते त्यांचे पैसे बुडाले नाहीत, हेही लिहा. पण तुमचा राग चुकीचा नाही. एकाच माणसाची पोझिशन बाजाराच्या मानाने एवढी मोठी असेल तर ती एकदोन दिवसांत निकालात निघेल हे गृहीतकच कोसळतं. त्याला जादा मार्जिन आधीच लावायला हवं होतं. क्लिअरिंग हाऊसने स्वतःचे किती घालावेत यावर मेंबर आणि क्लिअरिंग हाऊस आजही भांडतात.

नीलाक्षी:
एक राहिलं. ही हमी विकणाऱ्याच्या बुडण्यापासून आहे. तुमचाच ब्रोकर बुडाला तर गोष्ट वेगळी. 2011 मध्ये अमेरिकेत एमएफ ग्लोबल दिवाळखोर झाली तेव्हा क्लिअरिंग हाऊसचे करार शाबूत होते, पण गिऱ्हाइकांचे वेगळे ठेवायचे पैसे कंपनीने वापरून टाकले होते. सुमारे 1.6 अब्ज डॉलर कमी भरले. शेवटी पैसे परत मिळाले, पण त्यात वर्षं गेली. कॉल कुणी विकला याची काळजी करण्यापेक्षा ब्रोकर तुमचे पैसे कुठे ठेवतो ते बघा.

बिनधास्त_बाबा:
आणि शेअर हातात ठेवा.

घाईतला_गडी:
वाचलं सगळं. आता ऑर्डर कशी टाकू ते सांगा ना कुणीतरी.

नीलाक्षी:
ॲपमध्ये दोन्ही लेगची एकत्र ऑर्डर असेल तर ती टाका, 155 वजा 68, म्हणजे 87 च्या आसपास. नसेल तर आधी 1100 चा परत घ्या, 6,800 रोख लागतील. मग 1000 चा विका. उलट क्रम नको.

घाईतला_गडी:
एकत्र 86 ला गेली. म्हणजे 5,800 सुटले, ब्रोकरेज सोडून. पण भाव 1100 च्या वर राहिला असता तर एक्सपायरीला पूर्ण 100 मिळाले असते ना? की तेव्हाही मार्जिन मागितलं असतं?

शंकासुर:
राहिला असता तर मिळाले असते. मार्जिनचं सौदापत्र सांगतील. बऱ्याच बाजारांत एक्सपायरी जवळ आली की वाढवतात असं ऐकलंय, पण स्प्रेडलाही लागतं का?

सौदापत्र:
रोखीने सेटल होतं की शेअर द्यावे-घ्यावे लागतात, त्यावर आहे. तुमचं कुठलं होतं?