मदत हवी आहे: फितूर साक्षीदारावर खोट्या साक्षीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० चा अर्ज

भावाला झालेल्या मारहाणीचा खटला (२०२१, भादंवि ३२६). प्रत्यक्षदर्शी शेजाऱ्याने कलम १६४ खाली मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर आरोपीचं नाव घेतलं होतं. कोर्टात मात्र 'मी तिथे नव्हतोच' म्हणाला. फितूर ठरवून सरकारी वकिलांनी उलटतपासणी घेतली, तो बधला नाही. आरोपी सुटला.

पोलिसांपुढचा १६१ चा जबाब शपथेवर नसतो, त्यावर खोट्या साक्षीचा गुन्हा उभा राहत नाही, एवढं कळलं. निकालात खोट्या साक्षीबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे ३४४ ची झटपट शिक्षाही गेली. १६४ चा जबाब आणि कोर्टातली साक्ष, दोन्हींच्या प्रमाणित नकला हातात आहेत. अपील केलेलं नाही.

३४० च्या अर्जाला ही विसंगती पुरते, की कोर्टातली साक्षच खोटी होती हे दाखवणारा वेगळा पुरावा लागतो?