एबीएसच्या पार्टला ॲसिटोनची वाफ द्यावी की घासतच बसावं? मदत हवी आहे

बाबांच्या जुन्या स्कूटरच्या हेडलाईटची रिंग एबीएस प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलीय, ०.२ मिमी लेयरने. पहिली रिंग १२० च्या पॉलिश पेपरने घासली, मग २२०, मग ४०० ओला करून, हाताला एकदम गुळगुळीत लागत होती पण राखाडी प्रायमर मारला आणि सगळ्या रेघा परत वर आल्या, डोकंच फिरलं. म्हणून दुसरी रिंग बरणीत ठेवली, आतून टिश्यूला ॲसिटोन लावून, गॅलरीत, गॅसपासून लांब. वीस मिनिटांत काचेसारखी चमकली पण उठावाची अक्षरं विरघळल्यासारखी गोल झाली आणि क्लिपची खाच बसेना. वर घाई करून दुसऱ्याच दिवशी स्प्रे मारला तर रंगाला बारीक फोड आले, आत ॲसिटोन राहिलं असणार असं वाटतंय.

आता तिसरी रिंग करतोय. वाफ दिल्यावर रंगाआधी किती दिवस सुकू द्यायचं? खाचेला टेप लावून वाफ अडते का, की टेपचा डिंकच सुटतो? का अक्षरं असलेल्या पार्टला वाफेच्या नादाला न लागता फिलर प्रायमरचे दोन-तीन हात मारून मधे मधे घासलेलंच बरं? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा. (पीएलएवर ॲसिटोन चालत नाही हे माहितीय, ते नका सांगू 😅)