मदत हवी आहे: कामच नाही, पण आठ तास कामात दिसायचं

पणजीतल्या एका कार्यालयात मी आवक-जावक सांभाळतो. डिचोलीहून रोज कदंबा बसने येतो. पूर्वी दिवसाला शंभरेक पत्रं असायची. आता सगळं ऑनलाइन झालं, वीसच उरली. दोन आठवडे मी गुपचूप वेळ लिहून ठेवला: खरं काम दिवसाला दीड तासाच्या वर एकदाही गेलं नाही.

उरलेला वेळ नाटक. एक्सेल उघडं ठेवायचं, रकाने रंगवायचे, हातात फाईल घेऊन मजला चढून यायचं. वाईट म्हणजे, आलेलं कामही मी आता पुरवून खातो. दहा मिनिटांचं पत्र जेवणानंतरसाठी राखून ठेवतो. त्यामुळे साहेबांना वाटतं, माणूस पुरता गुंतलेला आहे, म्हणून नवं काम दुसऱ्याकडे जातं. हा फास माझा मीच आवळलाय, हे कळतं.

संध्याकाळी घरी पोचतो तेव्हा खाण उपसल्यासारखा थकलेला असतो. गेल्या महिन्यात चार ओळींच्या पत्रावर चुकीचा जावक क्रमांक घातला. आई म्हणते, "बसून पगार मिळतो, नशीब काढलंस." तिला काय सांगू?

साहेबांना ही नोंद दाखवावी का? भीती एवढीच, की टेबलच बंद करतील. की नुसतं "जुन्या फाइलींचं स्कॅनिंग मी घेतो" असं म्हणावं? ते सहा महिने पडून आहे. कुणी असं बोललंय का? सुरुवात नेमकी कोणत्या वाक्याने केलीत?