सी विंग, नववीचं बीजगणित आणि सहावं रिकामं उदाहरण

वैशाली देशमुख (सी-402): नमस्कार. नववीच्या मुलांचे पालक कोण कोण आहेत इथे? बीजगणिताच्या गृहपाठाचे गुण आले. अर्णवने 25 पैकी 19 उदाहरणं केली होती आणि त्याला 10 पैकी 5 दिलेत. पाच! हा कुठला हिशोब आहे?

वैशाली देशमुख (सी-402): आणि ज्यांनी 20 केली त्यांना 10. एका उदाहरणाचे पाच गुण??

शिंदे (सचिव): ताई, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या 11 ते 4 टाकी सफाई, पाणी भरून ठेवा.

वैशाली देशमुख (सी-402): शिंदे साहेब, परवा दिवसभर क्रिकेटवर चर्चा चालली तेव्हा ते सोसायटीचं काम होतं का?

बर्वे काका (बी-201): शाळेची जूनमधली नोटीस मी सोसायटीच्या बोर्डावर लावली होती. नीट वाचा. "80 टक्के किंवा अधिक गृहपाठ पूर्ण असल्यास पूर्ण गुण, त्याखाली अंशतः गुण." अंशतः असा शब्द आहे.

निखिल (ए-701): काका, पण अंशतः म्हणजे किती? तिथेच तर गोची आहे. 25 पैकी 19 म्हणजे 76 टक्के. सरळ टक्केवारीने 7.6 व्हायला हवेत.

रोहन (बी-604): 80 टक्क्यांना पूर्ण गुण?? मग मेंटेनन्सलाही हाच नियम लावा. मी 80 टक्के भरतो, पावती पूर्ण द्या 😄

कुलकर्णी मॅडम (खजिनदार): रोहन, तुमचं एप्रिलपासूनचं बाकी आहे. तुमचे शून्य टक्के धरले आहेत. उपविधीप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावता येतं, तेवढं लक्षात असू द्या 🙏

रोहन (बी-604): मॅडम, गंमत केली 🙏🙏

मंजुषा (सी-403): ओमला चारही गृहपाठांत 10 मिळालेत. नियम जूनपासून माहीत आहे सगळ्यांना. वीस करायची, विषय संपला. दर वेळी शाळेचंच चुकलं असं नसतं.

वैशाली देशमुख (सी-402): ओमचं नाव मी घेतलंच नव्हतं. पण आता निघालाच आहे विषय तर सांगते. अर्णवचे चार गृहपाठ 25, 25, 25 आणि 19. शंभरातली 94 उदाहरणं केली, गुण 40 पैकी 35. आणि ज्यांनी दर वेळी मोजून वीसच केली, त्यांची 80 उदाहरणं आणि गुण 40 पैकी 40. आता बोला.

मंजुषा (सी-403): "मोजून" म्हणजे काय म्हणायचंय?

मंजुषा (सी-403): हा मेसेज डिलीट केला आहे.

बर्वे काका (बी-201): नोटीस नीट वाचा. अंशतः असा शब्द आहे.

शिंदे (सचिव): रांगोळी स्पर्धेसारखं नको हं. दोघींना विनंती.

साठे सर (ए-102): नमस्कार. आत्ता वाचलं. मी तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या. 80 ला पूर्ण गुण ही सवलत वाईट नाही. मूल एक दिवस आजारी पडतं, एखाद्या उदाहरणात अडकतं, पाहुणे येतात. त्यासाठी 25 मधली पाच उदाहरणं माफ. नियमाचा हा भाग सगळ्यांना कळतो. भांडण होतं ते 80 च्या खाली काय यावरून, आणि तिथे शाळा गप्प असते. मी चार पद्धती पाहिल्यात. एक, 80 च्या खाली सरळ शून्य. दोन, जेवढे टक्के तेवढे गुण, निखिल म्हणतो तसं 7.6. तीन, वीस उदाहरणांनाच पूर्ण धरायचं आणि त्याच्या प्रमाणात द्यायचे, म्हणजे एका उदाहरणाला अर्धा गुण, 19 ला साडेनऊ. चार, टप्पे: 80 च्या वर 10, 50 ते 80 मध्ये 5, पन्नासच्या खाली काही नाही. अर्णवला 5 मिळाले, म्हणजे बहुतेक टप्पे असावेत. पण एकाच्या गुणांवरून खात्री होत नाही. 20 पेक्षा कमी केलेल्या आणखी दोघातिघांचे गुण कळले तर समजेल.

स्नेहल (बी-503): सर, इराचे 13 होते. तिलाही 5 च मिळाले. आमच्याकडे नाचत होती 😅

सचिनचे बाबा (ए-304): आमच्याकडे 11 आणि शून्य. मी काही बोललो नव्हतो, पण निघालंय तर सांगतो.

साठे सर (ए-102): झालं मग. 13 ला 5, 19 लाही 5, 11 ला शून्य. टप्पेच आहेत. प्रमाणात दिले असते तर 13 आणि 19 चे गुण सारखे येणं शक्यच नव्हतं.

निखिल (ए-701): एक्सेलमध्ये टाकून बघितलं. B2 मध्ये केलेली उदाहरणं. पहिली ओळ शाळेची दिसते, दुसरी सरांची तिसरी पद्धत.

```
=IF(B2>=20,10,IF(B2>=12.5,5,0))
=MIN(10,B2/20*10)
```

निखिल (ए-701): दुसऱ्या ओळीने इरा 6.5, सचिन 5.5, अर्णव 9.5. अर्णवची बेरीज 39.5 होते. जास्तीची पाच उदाहरणं केल्याचं तरीही काही मिळत नाही.

साठे सर (ए-102): बरोबर. प्रत्येक गृहपाठाला वेगळी मर्यादा लावली की 25 केलेल्याची जास्तीची पाच पुढच्या खात्यात जमा होत नाहीत. ती हवी असतील तर आधी चारही गृहपाठांची बेरीज करून शेवटी एकदाच 80 टक्के बघावे लागतील. तसं केलं तर अर्णव आणि ओम दोघांनाही 40. पण मग कोणी पहिले तीन पूर्ण करून चौथा कोरा ठेवला तरी 75 टक्के होतात, ते शाळेला नको असतं.

स्नेहल (बी-503): एक सांगू का? इराला विचारलं मघाशी. म्हणाली, "मम्मा, सगळ्यांना माहीत आहे. तेरा नाहीतर वीस. मधलं वाया." तेरा झाली की ती झोपते. मला आजच कळलं!

रोहन (बी-604): इराला सोसायटीची खजिनदार करा 🙌

कुलकर्णी मॅडम (खजिनदार): 🙂 आधी एप्रिल.

साठे सर (ए-102): स्नेहल, ती बरोबरच सांगते आहे. चौदावं उदाहरण केलं की तिला काय मिळतं? काही नाही. पंधरावं, सोळावं, थेट एकोणिसाव्यापर्यंत काही नाही. मग विसावं केलं की एकदम पाच गुण. मुलं हे पालकांच्या आधी ओळखतात. आणि माफ असलेली पाच कुठली सोडतात तेही बघा. गुणोत्तर व प्रमाणात संकीर्ण प्रश्नसंग्रहातली शेवटची शाब्दिक उदाहरणं. सरावसंचातली सोपी कोणी सोडत नाही.

बर्वे काका (बी-201): आमच्या वेळी गृहपाठ नसेल तर वर्गाबाहेर. टप्पेबिप्पे नव्हते. बाकी नोटीस नीट वाचा.

वैशाली देशमुख (सी-402): काका, वाचली हो. तीन वेळा वाचली. सर, पण बाई प्रमाणात का देत नाहीत?

साठे सर (ए-102): वेळ. साठ वह्या, त्यात दोन-तीन तुकड्या. पूर्णतेचे गुण देताना उत्तर बरोबर की चूक हे तपासत नाहीत, रिकाम्या जागा मोजतात. मीही तेच करायचो. पानं उलटत जायचं, रिकामी पाच असली तर चालेल, सहावं दिसलं की 5 लिहायचे आणि पुढची वही. एक वही मिनिटभरात. प्रमाणात द्यायचे तर प्रत्येक वहीतलं नेमकं मोजावं लागतं.

साठे सर (ए-102): वैशाली, मला अर्णवच्या वहीतल्या त्या पानांचे फोटो पाठव. मोजणी कशी झाली ते बघू. उपप्रश्न मोजलेत की मुख्य प्रश्न, यावरही फरक पडतो.

वैशाली देशमुख (सी-402): [3 फोटो]

साठे सर (ए-102): बघितलं. आठ मुख्य प्रश्न, त्यांचे 25 उपप्रश्न. आठव्याचे चारही सोडलेत, सातव्याचा शेवटचा सोडला. हे पाच झाले. आणि सातव्यातला तिसरा त्याने दीड पान सोडवून वर मोठी फुली मारली आहे. हा का खोडला?

वैशाली देशमुख (सी-402): थांबा, विचारते.

वैशाली देशमुख (सी-402): म्हणतो, मागच्या उत्तरसूचीशी उत्तर जुळलं नाही म्हणून खोडलं. पण केलं तर होतं, असं म्हणतो. त्याने स्वतः 20 मोजले होते.

साठे सर (ए-102): तेच. बाईंना फुली दिसली, त्यांनी रिकामं धरलं. ते सहावं ठरलं.

निखिल (ए-701): म्हणजे चुकीचं उत्तर तसंच ठेवलं असतं तर 10, आणि चूक ओळखून खोडलं म्हणून 5?

साठे सर (ए-102): हो. पूर्णतेवर गुण असले की असंच होतं. अर्णवला सांगा, पुन्हा खोडू नकोस. पायऱ्या तशाच ठेवायच्या आणि खाली लिहायचं, "उत्तर जुळत नाही." तसं लिहिलं की ते केलेलं दिसतं, आणि बाईंना वर्गात काय पुन्हा घ्यायचं तेही कळतं. बाय द वे, चूक फक्त तिरकस गुणाकारात आहे, शेवटून तिसरी ओळ.

मंजुषा (सी-403): आमच्याकडे चूक असलं तरी खोडत नाहीत. यात मोजून करण्याचा काही संबंध नाही.

वैशाली देशमुख (सी-402): मी काही म्हटलंय का?

शिंदे (सचिव): 🙏

सचिनचे बाबा (ए-304): सर, शाळेत जाऊन काय मागायचं? 80 चे 70 करा म्हणायचं का?

साठे सर (ए-102): नाही. 70 केलेत तर हीच भांडणं 70 वर होतील, 17 उदाहरणं केलेला रडेल. 80 राहू द्या. दोनच गोष्टी मागा. वीसच्या खाली प्रत्येक उदाहरणाला अर्धा गुण, म्हणजे सचिनसारख्याला अकराचे साडेपाच मिळतील आणि इराला चौदावं करावंसं वाटेल. आणि खोडलेलं पण पायऱ्या दिसणारं उदाहरण केलेलं धरायचं. मोजायचा त्रास नको असेल तर मुलांनाच वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहायला सांगा, बाईंनी मधूनच चार-पाच वह्या पडताळल्या तरी पुरे.

रोहन (बी-604): स्वतःच आकडा लिहायचा? मग आमच्या घरी रोज 25.

साठे सर (ए-102): म्हणूनच पडताळणी म्हटलं.

बर्वे काका (बी-201): मी नोटीस पुन्हा टाकतो. सगळ्यांनी वाचा. [फोटो]

वैशाली देशमुख (सी-402): मी शनिवारी वही घेऊन जाते. सर, तुम्ही याल का सोबत? तुमच्याशी शाळा नीट बोलते.

साठे सर (ए-102): येतो. साडेदहाला खाली थांबतो. फक्त आवाज चढवायचा नाही, आधीच सांगतो.

कुलकर्णी मॅडम (खजिनदार): रोहन, वाट बघतेय.

मंजुषा (सी-403): वैशाली, शनिवारी किती वाजता निघणार? मीही येते. पाचव्या गृहपाठात ओमला 5 आलेत. 18 केली होती, आत्ता सांगतोय.

शिंदे (सचिव): टाकी सफाई उद्या 11 ते 4. पाणी भरून ठेवा. 80 टक्के नको, पूर्ण भरा.