विहान : पहाट की त्याग?

दिग्रसचा छापखाना
बारशाची पत्रिका जुळवतो आहे. बाळाचं नाव विहान. घरच्यांनी नावाखाली 'विहान म्हणजे पहाट' अशी ओळ टाकायला सांगितली, ती मोबाइलवरच्या नावांच्या यादीतून घेतलेली. प्रूफ बघायला आलेल्या बाळाच्या मामांनी ती खोडली. ते संस्कृत शिकवतात. म्हणाले, 'वि' आणि 'हा' मिळून सोडून देणं होतं, पोराला टाकून दिलेला म्हणायचं का? आता आजोबा एकीकडे आणि मामा एकीकडे. खरा अर्थ कुठला, आणि मुळात तो शोधायचा कसा? सोमवारी छपाईला घ्यायचं आहे.

गुरुजी पुसद
मामांचंच बरोबर. 'वासांसि जीर्णानि यथा विहाय' सगळ्यांना पाठ असतं. तिथलं विहाय म्हणजे टाकून. हीन, हानी, विहीन हे सगळे त्याच हा धातूचे. त्याला ल्युट् प्रत्यय लावला की हान, आधी वि लावला की विहान. अर्थ त्याग. पहाट वगैरे नेटवाल्यांनी काढलेलं आहे.

बोंडअळी
गुरुजी, पण त्याग हे नाव बी काही वाईट नाई. फक्त पत्रिकेवर नोका टाकू, लोकं इचारतील कोनं कोनाले सोडलं.

वैनगंगाकाठ
गुरुजी, रूप तुम्ही नीट साधलंत, त्यावर वाद नाही. योगसूत्रात 'हान' आहेच. पण एखादं रूप व्याकरणानं साधता येणं वेगळं आणि नाव ठेवणाऱ्यांकडे ते त्या वाटेनं येणं वेगळं. नावाचं मूळ शोधताना धातूपासून सुरुवात केली की हमखास घोटाळा होतो, कारण दोन-तीन अक्षरांच्या बहुतेक नावांना कुठला ना कुठला धातू चिकटवता येतो.

आधी बघायचं, हा शब्द बोलण्यात कुठे जिवंत आहे का. गोंदियाहून पूर्वेला गेलं की छत्तीसगढीत बिहान म्हणजे सकाळ. भोजपुरी-मैथिलीतही बिहान आहे, तिथे तो 'उद्या' या अर्थानंही चालतो. छत्तीसगड सरकारच्या ग्रामीण आजीविका मिशनचं नावच 'बिहान' आहे. म्हणजे पहाट हा अर्थ नेटवाल्यांच्या डोक्यातून निघालेला नाही, गावोगावच्या बायाबापड्यांच्या तोंडात आहे. आता प्रश्न एवढाच की तो संस्कृतातल्या कशापासून आला.

गुरुजी पुसद
बिहान आणि विहान एकच कशावरून? ब आणि व वेगळे.

वैनगंगाकाठ
पूर्वेकडच्या बोलींत शब्दाच्या सुरुवातीचा व ब होतो. वन चं बन, वर्षा चं बरखा. नाव ठेवताना लोकांनी तोच ब उलटा फिरवून व केला, म्हणजे शब्द संस्कृत दिसतो. अशी नावं आता भरपूर आहेत, अंगावर संस्कृत कपडे पण चाल देशी.

खरी मेख मधल्या ह मध्ये आहे. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात सूत्र आहे की दोन स्वरांमधले ख, घ, थ, ध, भ हे ह होतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मोहफुलं वेचतो ते झाड संस्कृतात मधूक, प्राकृतात महुअ, आपल्याकडे मोह. दधि चं दही तसंच. म्हणून नावात मधे ह दिसला की तो मुळापासूनच ह आहे असं धरायचं नाही. त्या जागी ही पाच अक्षरं एकेक करून घालून बघायची.

विखान, विघान, विथान. यांतून काही अर्थ लागत नाही, सोडून द्या. विधान लागतं. विभान लागतं. आणि गुरुजींचं विहान आहेच, ह मुळचा धरून. म्हणजे उमेदवार तीन. विधानाचं प्राकृतात विहाण होतं हेही खरं, पण विधान म्हणजे नेम, मांडणी, त्यातून सकाळ कशी काढणार? त्यागातूनही निघत नाही. राहिलं विभान. भा म्हणजे प्रकाशणं, वि लागून उजाडणं. त्याच धातूचा विभात शब्द संस्कृतात पहाट या अर्थानं आहे, आणि प्रभात तर सगळ्यांनाच माहीत आहे. बोलीतला अर्थ आणि ध्वनींचा नियम दोन्ही एकाच शब्दावर येतात, तिथे थांबायचं.

बोंडअळी
मंग भा धातूचे प्रभा, आभा, विभा, शोभा, सगळे एकाच घरचे म्हना ना.

वैनगंगाकाठ
पहिले तिघं हो. शोभा नाही. 'शो' नावाचा उपसर्ग नसतो, म्हणून तिथे तोडता येत नाही. ती शुभ् धातूची, शुभ आणि शोभन यांची बहीण. नावाच्या शेवटी 'भा' दिसला की लगेच प्रकाश लिहिणं ही याद्यांमधली नेहमीची चूक आहे. त्याच्या आधीचा तुकडा खरंच उपसर्ग आहे का एवढं पाहिलं तरी अर्ध्या चुका टळतात.

दिग्रसचा छापखाना
ताई, मामांना दाखवायला कोशातलं काही मिळेल का? तोंडी सांगून ते ऐकायचे नाहीत. मी मोनियर विल्यम्सच्या ऑनलाइन कोशात नाव टाकून पाहिलं, तर 'नष्ट करणे, अडथळा आणणे' असं भलतंच आलं. हे दाखवलं तर बारसंच रद्द होईल.

वैनगंगाकाठ
तुम्ही इंग्रजी पत्रिकेवरचं स्पेलिंग टाकलं असणार. `vihan` म्हणजे कोशाच्या लेखी वि + हन्, मारणं. विघ्न त्यातूनच आलं. कोलोन विद्यापीठाच्या ऑनलाइन संस्कृत कोशांत हार्वर्ड-क्योटो पद्धत निवडली असेल तर दीर्घ आ साठी मोठा `A` लागतो. हे तीन वेगवेगळे शोधा:

```
vihAna
vibhAna
vibhAta
```

नाहीतर सरळ देवनागरी इनपुट निवडा, म्हणजे स्पेलिंगची कटकटच नाही. घरी Vihaan लिहितात की Vihan यावरून काही ठरत नाही, नाव देवनागरीत लिहून मागायचं.

नोंद सापडली की अर्थाच्या पुढे काय खूण आहे ती बघा. मोनियर विल्यम्सच्या 1899 च्या आवृत्तीत `L.` अशी खूण असली तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी दिलेला, ग्रंथात वापरलेला आढळलेला नाही. विभात आणि विहान या दोन नोंदी शेजारी ठेवून खुणा ताडून बघा. विहान समोर पहाट मिळाली तरी तेवढ्यावर शब्द मुळचा संस्कृत ठरत नाही, कारण बोलीतले शब्द संस्कृत कोशांत उलटे शिरलेले आहेत. बोलीभाषांतल्या नातेवाइकांसाठी टर्नरचा तुलनात्मक कोश बघा, तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांत ऑनलाइन आहे. तिथे संस्कृत रूपाखाली प्राकृत, मग बंगाली, हिंदी, मराठी अशी रांग लागते. मामांना एखादा शब्द दाखवण्यापेक्षा ती रांग दाखवा.

तिफण
एवढी सगळी कसरत एका पत्रिकेसाठी? मूळ विभान असेल तर विभान ठेवा, नाहीतर प्रभात ठेवा. धेडगुजरी रूप कशाला? मराठीत प्राकृतातून आलं असतं तर ते विहाण झालं असतं, ण सह. पाणी, राणी, तसं. न आहे म्हणजे हिंदीतून उचललेलं.

वैनगंगाकाठ
ण चा मुद्दा चांगला आहे, तिफणभाऊ. मराठीनं असा ण टिकवला, हिंदीत न झाला, त्यामुळे हे नाव हिंदी पट्ट्यातून आलं असं म्हणायला आधार आहे. फक्त वऱ्हाडात कानावर विसंबू नका. इथे पाणी चंही पानी होतं आणि गुणवंत चं गुनवंत. ऐकलेल्या न वरून मूळ ठरवलं तर फसाल, लिहिलेलं बघावं लागतं.

बोंडअळी
इहान ठेवलं का इहीन ठेवलं, वऱ्हाडात समदं सारखंच ऐकू येते. विहीणबाईचं नाव पोराले पडल एखांदवेळी.

गुरुजी पुसद
माझा आक्षेप अजून आहे. पालक आज हे नाव संस्कृत समजून ठेवतात. मग संस्कृतात त्या रूपाचा जो अर्थ होतो तोच धरायला हवा. छत्तीसगढी अर्थ धरायचा तर बिहान लिहा.

वैनगंगाकाठ
याच न्यायानं विभावरीचं काय करणार, गुरुजी? तीही वि + भा. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या 48 व्या सूक्तात उषेला विभावरी म्हणून हाक मारली आहे, झळाळणारी म्हणून. पुढे त्याच शब्दाचा अर्थ रात्र झाला, आणि आपल्याकडच्या विभावरी रात्रीच्याच अर्थानं ठेवलेल्या आहेत. धातू एक, शब्द एक, अर्थ पार उलट. म्हणून नावाखाली ओळ लिहिताना धातूचा अर्थ देतो आहोत की शब्दाचा, हे आधी ठरवावं लागतं. विहानच्या बाबतीत धातूचा अर्थ उजळणं, शब्दाचा पहाट, आणि मामा म्हणतात तो तिसऱ्याच शब्दाचा.

गुरुजी पुसद
विभावरी शिष्टांच्या वापरात बदलली. विहान कुठल्या काव्यात आहे ते दाखवा, मग मानतो.

तिफण
गुरुजींशी शंभर टक्के सहमत. उद्या कुणी 'झुंजूमुंजू' नाव ठेवेल आणि त्याला झुंज धातू लावेल.

आर्वीकर
विषय निघालाच आहे तर विचारतो. नातीचं नाव आर्वी ठेवलं. सूनबाई म्हणते संस्कृतात शांती. मी म्हणतो वर्धा जिल्ह्यातलं आपलं आर्वी गाव. कोण बरोबर?

वैनगंगाकाठ
काका, शांती लिहिणाऱ्यांना धातू विचारून बघा, कुणी दाखवत नाही. जवळचा खरा शब्द उर्वी. उरु म्हणजे रुंद, त्याचं स्त्रीलिंग उर्वी, म्हणजे पृथ्वी. पण उ चा आ कसा झाला याला नियम हवा, नुसतं सारखं ऐकू येणं पुरत नाही. आणि गावाच्या नावाला वेगळी वाट असते. तिथे जुनी कागदपत्रं बघावी लागतात, त्यात नाव कसं कसं लिहिलं आहे ते.

आर्वीकर
म्हणजे गावावरून ठेवलं असं म्हटलं तर चूक नाही ना? सूनबाईला एवढंच सांगायचं आहे.

दिग्रसचा छापखाना
मामांना विभात, प्रभात आणि बिहान तिन्ही दाखवले. म्हणाले, 'विभान असेल तर विभान छापा.' आजोबा म्हणाले, नाव बदलणार नाही. शेवटी ओळच काढून टाकायला सांगितली आणि त्या जागी मामांचं नाव मोठ्या टाइपात आलं. आता जुळ्यातल्या दुसऱ्याचं विवान आहे, त्याचाही अर्थ विचारताहेत.

बोंडअळी
विवान नोका शोधू भाऊ, गुरुजी जागे हायेत.

गुरुजी पुसद
वे धातू, विणणे. वि + वान.

आर्वीकर
माझ्या प्रश्नाचं राहिलं.