मॅग्नेशियमची गोळी: ऑक्साइड की ग्लायसिनेट?

"ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम सगळ्यात जास्त, मग महागडं ग्लायसिनेट कशाला?"

वजनात ६० टक्के असतं खरं, पण ऑक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतं. बरंचसं आतड्यातच राहतं आणि तिथं पाणी ओढतं. चोपड्याला माझ्या मायचं मॅग्नेशियम कमी निघालं, तेव्हा ऑक्साइड सुरू केलं. तिसऱ्या दिवशी पातळ जुलाब, त्यात मे महिन्याचं खान्देशी ऊन! डॉक्टरांनी ग्लायसिनेट दिलं, पोट शांत झालं. बद्धकोष्ठता असती तर सायट्रेट बरं पडलं असतं. ते चांगलं शोषलं जातं, शौचही सैल करतं.

डबीवर मात्र 'एलिमेंटल', म्हणजे निव्वळ मॅग्नेशियमचा आकडा बघा. ५०० मिलिग्रॅम ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम जेमतेम ७० मिलिग्रॅम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कोणताच प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, मॅग्नेशियम शरीरात साठून राहतं.